हिरव्या दगडातून काळा बेसाल्ट: एम.एस्सी. प्रकल्पाच्या नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४

विषय अखेर ठरला. प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, "सह्याद्रीभर बेसाल्ट आहे. तो ज्या खडकातून आला त्याची रासायनिक घडण बेसाल्टसारखी मुळीच नाही. मग आला कसा?" मी म्हटलं, कवचाखालचा खडक, म्हणजे मॅन्टल, वितळलं. त्या म्हणाल्या, "सगळं वितळलं असतं तर वर बेसाल्ट आलाच नसता." हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. प्रकल्प म्हणजे या एका वाक्याचा हिशोब.

डेक्कन ट्रॅपपासून, म्हणजे सह्याद्रीतल्या या बेसाल्टच्या थरांपासून, सुरुवात करायची नाही, असं ठरलं. इथे वर जाड खंडीय कवच आहे आणि वाटेत शिलारसाचं बरंच काही बदललं आहे. आधी सगळ्यात सोपी जागा घ्यायची, ती म्हणजे अटलांटिकच्या मधोमध गेलेली सागरी पर्वतरांग. तिथे दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात आणि ती जागा भरायला खालचं मॅन्टल वर येतं. झाकण जवळजवळ नाहीच.

१५ नोव्हेंबर

विभागाच्या कपाटातून कच्छचा नमुना काढला. काळ्या अल्कली बेसाल्टमध्ये अडकलेला, लिंबाएवढा हिरवा तुकडा. हा मॅन्टलचाच तुकडा आहे. शिलारस वेगाने वर येताना वाटेतला खडक तोडून घेऊन आला आणि विरघळवायला वेळ मिळायच्या आत गोठला. भुजच्या आसपास असे तुकडे मिळतात. आपल्याला मॅन्टल हातात धरायचं असेल तर ही सगळ्यात जवळची जागा.

नुसत्या डोळ्यांनीही यात दोन हिरवे दिसतात. पिवळसर, बाटलीच्या काचेसारखा हिरवा तो ऑलिव्हीन. त्यात मधेमधे पाचूसारखे गडद हिरवे दाणे दिसतात, ते क्लायनोपायरॉक्सीन, क्रोमियममुळे तसे दिसतात. तपकिरी, थोडी ब्राँझसारखी चमक असलेला तो ऑर्थोपायरॉक्सीन. बारीक काळे ठिपके स्पिनेलचे.

दगडाच्या पातळ कापावर, म्हणजे थिन सेक्शनवर, सूक्ष्मदर्शकाखाली ५०० बिंदू मोजले. पाठ धरली. ऑलिव्हीन ६२ टक्के, ऑर्थोपायरॉक्सीन २३, क्लायनोपायरॉक्सीन १३, स्पिनेल २. मॅडमनी फक्त १३ या आकड्याभोवती गोल केला आणि म्हणाल्या, "सगळी गोष्ट यात आहे."

१८ नोव्हेंबर

आज आकड्यांचा तक्ता मांडला. डावीकडे ताजं, न वितळलेलं मॅन्टल, ज्याची सरासरी घडण पुस्तकांत मिळते. उजवीकडे सागरी रांगेखाली मॅन्टलमधून नुकताच सुटलेला बेसाल्टी रस, साधारण प्रयोगांतून दिसतो तसा.

मॅन्टलमध्ये सिलिका ४५ टक्के, मॅग्नेशिया, म्हणजे मॅग्नेशियमचा ऑक्साइड, जवळपास ३८. कॅल्शियम ऑक्साइड (यापुढे नुसता चुना म्हणते) ३.५५ आणि अ‍ॅल्युमिना ४.४५. रसात सिलिका ४९-५०, मॅग्नेशिया ११-१२ वर आलेला, पण चुना १२ आणि अ‍ॅल्युमिना १५.५.

म्हणजे चुना साडेतीन पटींच्या आसपास वाढला, मॅग्नेशिया एक तृतीयांशावर आला. आता साधा बाजारातला हिशोब करायचा. १०० किलो मॅन्टलमध्ये चुना आहे ३.५५ किलो. १२ टक्के चुन्याचा रस बनवायचा तर जास्तीत जास्त किती किलो बनेल? ३.५५ भागिले ०.१२, म्हणजे साडेएकोणतीस किलो. त्यापुढे चुनाच संपला. अ‍ॅल्युमिनाने केलं तर पावणेएकोणतीस येतं. दोन वेगवेगळी मूलद्रव्यं जवळजवळ एकच मर्यादा सांगतात, हे मला फार आवडलं.

हे कमाल आहे, प्रत्यक्ष नाही. मागे राहणाऱ्या खडकातही थोडा चुना उरतोच. पण एवढं पक्कं झालं की ३० टक्क्यांच्या वर वितळलेल्या मॅन्टलमधून बेसाल्ट निघू शकत नाही. तापमान, दाब यांतलं काहीही न वापरता.

२४ नोव्हेंबर, निफाड

चार दिवस घरी. काकांकडे द्राक्षांची गोडी बघायचा रिफ्रॅक्टोमीटर आहे. तो बघून लहानपणीची पेप्सी आठवली, ती प्लॅस्टिकच्या नळीतली, पन्नास पैशांची. चोखत राहिलं की आधी सगळा रंग नि गोडवा तोंडात येतो आणि हातात पांढरा, बेचव बर्फ उरतो. तेच आंशिक वितळण, तेच रस निघून जाणं. मोजून बघायचं ठरवलं.

साखरेचं पाणी १२ ब्रिक्सचं, म्हणजे १२ टक्के साखरेचं केलं, एक किलो. स्टीलच्या डब्यात दोन दिवस गोठवलं. मग गोळा चाळणीवर उलटा केला आणि खाली पातेलं ठेवून फ्रीजच्या खालच्या भागात ठेवला, म्हणजे सावकाश वितळेल. पहिले १०० ग्रॅम काढून काचेवर थेंब टाकला तर निळी रेघ स्केलच्या बाहेर. काकांच्या यंत्राची पट्टी ३२ ला संपते. २० ग्रॅम रसात २० ग्रॅम पाणी घालून पुन्हा बघितलं, १८ आलं. म्हणजे मूळ रस ३६. पुढचे १०० ग्रॅम २८, त्यापुढचे २०. मागे राहिलेला ७०० ग्रॅमचा गोळा पांढराफटक, त्यात हिशोबाने जेमतेम ५ टक्के साखर.

काका म्हणाले, "म्हणजे पहिल्या धारेतच सगळा माल." अगदी तसंच. पण मग त्यांनीच विचारलं, "तुझ्या दगडात पण अशीच गोडी उतरत जाते का?" आणि मी अडकले. कारण उतरत नाही. जगभरच्या सागरी रांगांवर रस जवळपास एकसारखाच येतो.

२७ नोव्हेंबर

काकांच्या प्रश्नाचं उत्तर जुनं आहे. १९१५ मध्ये नॉर्मन बोवेनने डायॉप्साइड आणि अ‍ॅनॉर्थाइट ही दोन खनिजं मिसळून वितळवून पाहिली. डायॉप्साइड हा क्लायनोपायरॉक्सीनचा शुद्ध नमुना, अ‍ॅनॉर्थाइट हे फेल्डस्पार. डायॉप्साइड एकटं १३९१ अंशांना वितळतं, अ‍ॅनॉर्थाइट एकटं १५५३ ला. पण दोघांचे दाणे एकमेकांना टेकले की १२७४ लाच थेंब फुटतो. मीठ लावलं की बर्फ शून्याखाली वितळतो आणि पॉट आइस्क्रीम जमतं, त्यामागचं तत्त्व हेच. द्रवात दोन्ही मिसळून राहू शकतात, घन दाण्यात नाही. त्यामुळे मिश्र द्रव कमी तापमानातही टिकतो.

महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. डायॉप्साइड जास्त घ्या किंवा अ‍ॅनॉर्थाइट जास्त, पहिल्या थेंबात डायॉप्साइड ५८ आणि अ‍ॅनॉर्थाइट ४२ हेच प्रमाण येतं. दोन्हींपैकी एक संपेपर्यंत रसाची घडण बदलत नाही आणि तापमानही हलत नाही. माझ्या साखरेच्या गोळ्यात फक्त बर्फ घन होता, साखर आधीपासून द्रवातच. रसाला धरून ठेवायला दुसरं घन नव्हतं, म्हणून गोडी उतरत गेली. मॅन्टलमध्ये रसाला चार खनिजं एकाच वेळी टेकलेली असतात आणि ती सगळी मिळून त्याची घडण बांधून ठेवतात. अगदी बोवेनच्या जोडीइतकी घट्ट नाही, कारण मॅन्टलची खनिजं शुद्ध नसतात, त्यांची घडणही सरकते. दाब वाढला तरी रस थोडा बदलतो. पण चारही जागेवर आहेत तोवर तो बेसाल्टच राहतो.

आणि खर्च कशाचा होतो? साधारण ३० किलोमीटर खोलीच्या दाबाखाली केलेल्या प्रयोगांत दिसतं की मुख्यतः क्लायनोपायरॉक्सीन खर्च होतं, सोबत थोडं ऑर्थोपायरॉक्सीन आणि स्पिनेल. ऑलिव्हीन तर उलट थोडं वाढतं! चुना, सोडियम, बरंचसं अ‍ॅल्युमिनियम ज्या १३ टक्के गडद हिरव्या दाण्यांत होतं, तेच दाणे आधी जातात. मॅडमचा गोल आज कळला.

२ डिसेंबर

आता मुख्य प्रश्न: किती वितळतं आणि तिथेच का थांबतं.

मॅन्टल वितळण्यासाठी कोणी खालून जाळ लावत नाही. खडक वर येतो, त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि त्याबरोबर वितळायला सुरुवात होण्याचं तापमान खाली येतं. खडक स्वतः मात्र फारसा थंड होत नाही, किलोमीटरमागे अर्धा अंश. कुठेतरी या दोन रेषा एकमेकींना छेदतात.

सुरुवातीच्या तापमानाची, म्हणजे सॉलिडसची, कोरड्या पेरिडोटाइटसाठीची, म्हणजे मॅन्टलच्या या ऑलिव्हीनबहुल खडकासाठीची, नेहमीची रेषा घेतली: पृष्ठभागावर सुमारे ११२० अंश, दाबाबरोबर वाढत जाणारी. पूर्ण वितळण्याची रेषा त्याच्या खूप वर, सुमारे १७८० पासून. मधे साडेसहाशे अंशांची दरी. हे पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हाच "सगळं का नाही" याचं अर्धं उत्तर मिळालं. दरी ओलांडायची तर बहुतांश भार ऑलिव्हीनवर येतो, आणि शुद्ध मॅग्नेशियम ऑलिव्हीन १८९० अंशांपर्यंत दाद देत नाही.

पहिल्या प्रयत्नात मी सरळ प्रमाण लावलं: खडक सॉलिडसच्या किती वर आहे, भागिले दरी किती. सामान्य मॅन्टल, म्हणजे न वितळता पृष्ठभागापर्यंत आलं तर १३५० अंश असेल असं. रेषा २.१७ गिगापास्कल दाबाला छेदल्या, खोली साधारण ७० किलोमीटर. छान. मग वर येता येता १ गिगापास्कलला, म्हणजे ३२ किलोमीटरवर, २० टक्के वितळण आणि कवचाच्या तळाशी ३२ टक्के.

आनंदात तक्ता छापला. रात्री झोपताना लक्षात आलं: ३२! चुन्याची मर्यादा साडेएकोणतीस होती.

३ डिसेंबर

सकाळी पडताळा घेतला. ३२ टक्के रस काढला तर मागच्या खडकात चुना उणे अर्धा टक्क्याच्या आसपास येतो. उणे चुना असलेला दगड मॅडमना दाखवायची हिंमत नव्हती, पण दाखवला. त्यांनी वाचलं आणि एवढंच म्हणाल्या, "वितळायला उष्णता लागते ना गं?"

सुप्त उष्णता. शाळेत शिकलेली. बर्फ शून्य अंशाला वितळताना थर्मामीटर हलत नाही आणि तरी शेगडी चालूच असते, ती उष्णता. मी खडकाला फुकटात वितळवत होते.

आकडा घेतला: एक किलो मॅन्टल वितळवायला सुमारे ४८० किलोज्यूल. तोच किलो एक अंश तापवायला १.२ किलोज्यूल. भागाकार ४००. म्हणजे पूर्ण वितळणं हे खडकाला आणखी ४०० अंश तापवण्याइतकं महाग. आणि वर येणाऱ्या खडकाला बाहेरून उष्णता मिळत नाही, दहाएक किलोमीटर जाडीच्या गरम दगडात शेजाऱ्याकडून उसनं मिळायला लाखो वर्षं लागतात. जे काही वितळायचं ते स्वतःच्या अंगच्या उष्णतेवर. एक टक्का वितळला की खडक चार अंश थंड होतो. थंड झाला की वितळणं मंदावतं. मॅन्टल स्वतःचा ब्रेक स्वतःच दाबतं.

दुरुस्त केलेलं:

```python
cp, L = 1200, 480000   # J/kg/K, J/kg

def F(P, Tp=1350):     # P: GPa
    Ts = 1120.7 + 132.9*P - 5.1*P**2
    Tl = 1780 + 45*P - 2*P**2
    Ta = Tp + 16*P
    return max(0, (Ta - Ts) / (Tl - Ts + L/cp))
```

फरक एकाच जागी आहे, छेदात `L/cp` आलं. १ गिगापास्कलसाठी हाताने करून पाहिलं: सॉलिडस १२४८.५, खडक न वितळता १३६६ असता, म्हणजे हातात ११७.५ अंश. दरी ५७४.५, त्यात ४०० मिळवले, ९७४.५. भागाकार १२ टक्के. कवचाच्या तळाशी आता ३२ ऐवजी २०. चुना उणे होत नाही.

हे सरळ रेषेचं गणित आहे, खरी वक्ररेषा तशी नसते. क्लायनोपायरॉक्सीन संपलं की तीव्रता एकदम कमी होते, कारण तोवरचा स्वस्त माल संपलेला असतो. मॉडेलमध्ये हा वळणबिंदू नाही, तो अहवालात स्पष्ट लिहायचा.

९ डिसेंबर

मॉडेल खोटं बोलत नाहीये हे कशावरून? मॅडमचा प्रश्न, माझाही.

वेगवेगळ्या खोलीवरचा रस एकत्र होऊन जे कवच तयार होतं त्याची जाडी काढता येते. प्रत्येक दाबाला किती टक्के वितळण, हे ०.२ ते २.१७ गिगापास्कलपर्यंत बेरजेने जोडलं. ०.१९९ गिगापास्कल इतक्या वजनाचा रस आला. बेसाल्टी कवचाची घनता २९०० धरून भागलं: ७ किलोमीटर. सागरी कवच जगभर साधारण ६ ते ७ किलोमीटर जाड सापडतं. मी खुर्चीतून उठून एक फेरी मारून आले.

सुप्त उष्णता विसरलेलं मॉडेल हेच गणित करून ११.८ किलोमीटर देतं. म्हणजे चुन्याने पकडलं नसतं तर समुद्राच्या तळाने पकडलं असतं.

संपूर्ण पट्ट्याची सरासरी आली १० टक्के. माझ्याच बेसाल्टचा मूळ खडक दहातले नऊ भाग घनच राहतो!

१४ डिसेंबर

एक शंका राहिली होती. दहा टक्के रस तिथेच साचून राहिला, आणखी उष्णता मिळाली, तर पुढे वितळेल ना? नाही, कारण तो साचतच नाही.

ऑलिव्हीनच्या दाण्यांमध्ये रस कसा बसतो ते चित्रात पाहिलं. दोन दाणे आणि रस जिथे भेटतात तिथला कोन ६० अंशांपेक्षा कमी असला की रस दाण्यांच्या कडांनी बारीक नळ्यांसारखा जोडलेला राहतो. ऑलिव्हीन आणि बेसाल्टमध्ये तो साधारण ३० ते ५० अंश असतो. म्हणून एक टक्क्याहून कमी रसही सलग जाळं करतो. त्याची घनता घन खडकापेक्षा बरीच कमी, २.७-२.८ विरुद्ध ३.३. तो वर निसटणारच. रस गेला की मागे राहिलेल्याला पुन्हा वितळवणं अधिक महाग, कारण स्वस्त खनिजं त्याच्याबरोबर गेली.

मागे राहिलेला खडक हाच पुरावा. समुद्रतळातून काढलेल्या आणि ओमानच्या डोंगरांत वर आलेल्या मॅन्टलमध्ये हार्झबर्गाइट भरपूर सापडतो: ऑलिव्हीन आणि ऑर्थोपायरॉक्सीन, क्लायनोपायरॉक्सीन नावाला. पेप्सी चोखून उरलेला बर्फ. माझा कच्छचा नमुना त्याच्या शेजारी ठेवला तर पाचूसारखे दाणे भरपूर असलेला, फारसा न चोखलेला दिसतो.

१९ डिसेंबर

पूर्ण वितळलं असतं तर काय दिसलं असतं? त्याच्या जवळ जाणारा खडक आहे, कोमाटिआइट. दक्षिण आफ्रिकेच्या कोमाटी नदीवरून नाव. मॅग्नेशिया १८ टक्क्यांच्या वर, कधी ३० च्या आसपास. लाव्हा इतका तापलेला की ऑलिव्हीनची पाती लांब गवतासारखी वाढलेली दिसतात. जवळजवळ सगळे अडीच अब्ज वर्षांहून जुने, तेव्हा मॅन्टल जास्त गरम होतं. तेही पूर्ण वितळून आलेले नाहीत, नाहीतर मॅग्नेशिया ३८ असता.

४ जानेवारी २०२५

शेवटच्या प्रकरणात डेक्कनकडे यायचं होतं. महाबळेश्वरच्या घाटातले बहुतेक प्रवाह ५ ते ७ टक्के मॅग्नेशियाचे. हे थेट मॅन्टलमधून निघालेले असू शकत नाहीत. मॅन्टलच्या ऑलिव्हीनशी समतोल असलेल्या रसात मॅग्नेशियम आणि लोह यांच्या बेरजेत मॅग्नेशियमचा वाटा, अणूंच्या संख्येने मोजला तर, ७२ टक्क्यांच्या जवळ हवा. घाटातला खडक त्याच्या बराच खाली. वाटेत कुठेतरी थांबून त्याने ऑलिव्हीन आणि इतर स्फटिक खाली टाकले, मग वर आला. म्हणून डेक्कनच्या दगडावरून मॅन्टल किती टक्के वितळलं हे थेट वाचता येत नाही, आधी टाकलेले स्फटिक गणितात परत मिसळावे लागतात.

तरी मॉडेलला एक प्रश्न विचारला. वरचं थंड, न वितळणारं झाकण ८० किलोमीटर जाड असेल, म्हणजे वितळणं २.५ गिगापास्कलला थांबेल, तर? सामान्य १३५० अंशांच्या मॅन्टलसाठी उत्तर शून्य. वितळायला सुरुवातच ७० किलोमीटरवर होते, झाकण त्याच्या आधीच आडवं येतं. मॅन्टल १०० अंशांनी गरम केलं तर सुरुवात १०५ किलोमीटरवर होते आणि झाकणाच्या तळाशी ८ टक्के मिळतात.

मॅडमनी दोन्ही आकडे पाहिले. म्हणाल्या, "आता झाकण ६० करून चालव. आणि सह्याद्रीखाली खरंच किती जाड होतं, ते भूकंपलहरींच्या कामांतून शोध." उद्या ग्रंथालयात.